तिसाचा ताईत

दयानंद वारल्यानंतर चार-पाच महिन्यांनी एका शनिवारी दुपारी माझ्या मित्रयादीत त्याचं नाव हिरवं झालं. म्हणजे आम्ही खेळायचो त्या ऑनलाईन गेममध्ये तो आला होता.

मी नांदेडला विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. शनिवारी अर्धा दिवस झाला की घरी येऊन दोन-तीन तास खेळायचो. दयानंदची नि माझी ओळख या गेममधलीच. चार वर्षांपूर्वी अनोळखी माणसांच्या एका टोळीत आम्ही एकत्र लढत होतो आणि ऐन मारामारीत त्यानं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'लाईट गेली, आलोच.' मी लिहिलं, 'कुठली लाईट?' परत आल्यावर तो म्हणाला, 'लातूर.' तेव्हापासून आम्ही सोबत खेळायचो. प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. जानेवारीत शिरूर अनंतपाळला, त्याच्या गावाकडं जाताना मोटारसायकलला ट्रकनं उडवलं, तेही मला कळलं ते दहा दिवसांनी, त्याच्या क्लासच्या फेसबुक पानावर फोटोला हार घातलेला बघून.

तर ते नाव हिरवं झालं आणि मी स्क्रीनकडं बघत बसलो. मग लिहिलं, 'कोण आहे?'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'मी सिंधु. यांची बायको. हे बंद कसं करायचं.'

मी कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. नाव विझलं. सोमवारी ऑफिसातून आलो तर पुन्हा हिरवं होतं.

सिंधुवहिनींची हकीकत मला तुकड्या-तुकड्यांनी कळली, बहुतेक फोनवर, खेळता खेळता. किल्लारीजवळच्या एका गावात त्यांचा जन्म. भूकंप झाला तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. घर दगडामातीचं, वर हातभर जाडीचं मातीचं माळवद. ते सगळंच्या सगळं खाली आलं. आई, आजी आणि दोन भाऊ गेले. वहिनी एका लोखंडी खाटेच्या खाली घरंगळल्या होत्या, म्हणून वाचल्या. वडील शेषेराव त्या रात्री शेतात होते. पुढं त्यांनी दुसरं लग्न केलं, पुनर्वसनाच्या गावात घर घेतलं आणि मुलीला देवणीला मावशीकडं ठेवलं.

"मला काढलं तेव्हा लोक म्हणले, पोरगी रडत कशी न्हाई," त्या एकदा म्हणाल्या. "मला रडायचं सुचलंच न्हाई. अजून न्हाई सुचत."

हे त्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगायच्या. आवाज चढायचा नाही, पडायचा नाही.

दयानंद गणिताचा मास्तर. लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास भराभर वाढत होते, त्या काळात तो एका क्लासला लागला आणि नवरा-बायकोनं मिळून एक दुमजली घर भाड्यानं घेऊन मुलींचं हॉस्टेल काढलं. मुली बाहेरगावच्या, कुणी भोकरची, कुणी देगलूरची, बऱ्याचजणी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या. सकाळी क्लासला गेल्या की संध्याकाळपर्यंत घर रिकामं. वहिनींना मूलबाळ नव्हतं. दयानंद गेल्यावर हॉस्टेलचा सगळा भार त्यांच्यावर आला आणि स्वयंपाकाला उदगीरकडच्या कमलम्मा होत्या. खालच्या खोलीत ऑफिस होतं, तिथं दयानंदचा कॉम्प्युटर. तो रिकामा करून हॉस्टेलच्या कामाला घ्यावा म्हणून त्यांनी चालू केला, तर गेम आपोआप उघडला. दयानंदनं तशी सोय करून ठेवली होती.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला फोन केला. नंबर दयानंदच्या मोबाईलात होता.

"भाऊजी, एक विचारू? हे राक्षस मारले की जमिनीवर नावं पडतात. पांढरी, निळी, पिवळी, नारिंगी. मी नारिंगी तेवढी उचलून राहिले. बराबर हाय ना?"

हसू आलं. प्रत्येक नवा माणूस हेच करतो.

"नाही वहिनी. रंग म्हणजे भारी-हलकं नाही. पांढऱ्या वस्तूवर काहीच गुण नसतात. निळीवर एक नाहीतर दोन. पिवळीवर सहापर्यंत असू शकतात. आणि नारिंगीचे गुण आधीच ठरलेले असतात, फक्त आकडे कमी-जास्त होतात. त्यामुळं नारिंगी दुर्मिळ असते, पण तुमच्या कामाची असेलच असं नाही. एखादी चांगली पिवळी तिला कुठल्या कुठं मागं टाकते."

"मग बघायचं काय?"

"गुण वाचायचे. दयानंदचं पात्र वीज फेकतं. म्हणजे त्याला वीज जोरात लागली पाहिजे, नेमकी वर्मी बसली पाहिजे, आणि आपला जीव टिकला पाहिजे. या तिन्हीला मदत करणारा गुण असेल तर वस्तू ठेवायची. तलवारीची ताकद वाढवणारी अंगठी नारिंगी असली तरी आपल्याला तिचा उपयोग काय?"

 मग त्या म्हणाल्या, "मावशीचा नवरा बाजारात बैल बघायचा तसंच झालं की. अंगावरचे चट्टे बघून बैल घ्यायचा न्हाई म्हणायचा. नांगराला पाहिजे तर खांदा बघ, पाय बघ."

"अगदी तसंच."

त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. मुली क्लासला गेल्या, भाजी-दूध आलं, की ऑफिसच्या खोलीत बसायचं. मी संध्याकाळी आत गेलो की दिसायचं, अमक्या खाणीत इतके फेरे. तीच खाण, तेच राक्षस. मी विचारलं, आवडतं का? म्हणाल्या, "आवडायचं काय त्यात. हात चालून राहतो. मारलं, पडलं, बघितलं, टाकलं. डोक्यात काही येत न्हाई."

मला ते चांगलंच वाटलं तेव्हा. माणूस काहीतरी करतंय, एवढंच मी बघितलं.

मग त्यांना ताईत सापडला.

दयानंदच्या पेटाऱ्यात, म्हणजे वस्तू साठवायच्या जागेत, एक कप्पा त्यानं नुसता ताईतांसाठी ठेवला होता. पन्नासएक तरी असतील, सगळे पिवळे, सगळे 'जवळजवळ'. आणि त्यात एक वेगळा ठेवलेला. त्याच्यावर विजेची विद्या एक पायरी वाढवणारा गुण होता, वर्मी घावाचा मोठा आकडा होता, जीव वाढवणारा आकडाही वरच्या टोकाचा होता. चौथा गुण मात्र फालतू, अंगाभोवतीचा उजेड वाढवणारा. पात्राच्या गळ्यात काहीच नव्हतं. ती जागा त्यानं रिकामी ठेवली होती.

"हे काय करून राहिले होते?" वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं. या गेममध्ये एक भट्टी आहे. वस्तूवरचा कुठलाही एक गुण निवडून तो बदलता येतो, बाकीचे तसेच राहतात. नको असलेल्या वस्तू फोडल्या की धूळ मिळते, ती भट्टीत घालायची आणि कळ दाबायची. नवा गुण कुठला येईल, त्याचा आकडा किती येईल, दोन्ही नशिबावर. आधीचा गुण मात्र जातो, परत मिळत नाही. आणि त्याच वस्तूवर पुन्हा करायचं तर दर खेपेला धूळ आधीपेक्षा जास्त लागते.

"दयानंदला चौथा गुण आगीपासून बचावाचा पाहिजे होता. तो जास्तीत जास्त तीस टक्के येतो. त्याला तीसच पाहिजे होता."

"मग आला न्हाई?"

"नाही आला."

मी तिथंच पुढचं सांगायला पाहिजे होतं की नको, ठाऊक नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. यांचं राहिलेलं काम हाय म्हणजे."

जून-जुलै असेच गेले. लातुरात नव्या बॅचा सुरू झाल्या, गल्लीगल्लीत पहिल्या आलेल्या पोरांचे मोठमोठे फोटो लागले. वहिनी धूळ जमवत होत्या. भट्टीत घालत होत्या. बर्फापासून बचाव आला, सोनं जास्त मिळण्याचा गुण आला, आगीचा अकरा आला, पुन्हा उजेड आला. त्या मला निकाल लिहून पाठवायच्या, फक्त आकडा. '११.' 'उजेड.' '१७.' मी लिहायचो, सतरा ठीक आहे, ठेवा. त्या लिहायच्या, 'तीस.'

एकदा मी त्यांना हिशेब करून दाखवला. म्हटलं, समजा चार गुण पाहिजेत आणि प्रत्येक गुण यायची शक्यता ढोबळमानानं दहात एक. चारही एकत्र यायचे तर दहा हजारात एक. त्यात प्रत्येकाचा आकडा वरच्या दहाव्या हिश्श्यातला पाहिजे, तर पुन्हा दहा हजारात एक. दोन्हीचा गुणाकार दहा कोटीत एक. असली वस्तू आपल्या आयुष्यात आपल्यासमोर पडत नाही. भट्टीमुळं सोपं होतं कारण तीन गुण धरून ठेवता येतात, पण शेवटचा आकडा तरी आपल्या हातात नसतोच. गेम बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलंय. सगळं मिळालं तर माणूस उद्या येईल कशाला?

"हे मास्तर होते गणिताचे," त्या म्हणाल्या. "त्यांना हे कळत न्हवतं का?"

"कळत होतं."

"मग?"



ऑगस्टमध्ये एका बुधवारी त्यांचा फोन आला. नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आज खेळता येणार न्हाई. दवाखान्यात हाय. एका पोरीला डेंग्यू झालाय."

वर्षाराणी नावाची भोकरची मुलगी. दोन-तीन दिवस कणकण होती, आदल्या दिवशी सकाळी अंग दुखतंय म्हणून क्लासला गेली नाही, वरच्या मजल्यावर पडून राहिली. तिनं खाली येऊन वहिनींना सांगितलं होतं. वहिनी 'पडून राहा' म्हणाल्या आणि स्क्रीनकडं वळल्या. कमलम्मा त्या दिवशी गावी गेलेल्या. संध्याकाळी मुली परत आल्या तेव्हा पोरगी तापानं बरळत होती. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं उतरलेलं.

"वाचंल म्हणले डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "तिचे वडील आलेत. मला काही बोलले न्हाईत. कमलम्मा लई बोलल्या. ही काय पद्धत हाय, म्हणल्या, लेकरू वर जळून राहिलं नि तुम्ही खाली दगडं फोडून राहिल्यात."

"तुम्हाला कसं वाटतंय?"

 दवाखान्यातली कुणाची तरी ओरड ऐकू आली.

"तेच विचार करून राहिले, भाऊजी. काहीच वाटत न्हाई. वाटायला पाहिजे ना? ती पोरगी मेली असती तरी मी असंच बोलले असते तुमच्याशी. हे बराबर न्हाई."

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी लातूरची गाडी पकडली. माझी बायको देविका सोबत येते म्हणाली, कारण परक्या घरी एकट्या बाईकडं पुरुषानं एकट्यानं जाणं बरं दिसत नाही, आणि तिलाही वहिनींना बघायचं होतं. 

वहिनी मी कल्पना केली होती त्याहून बारीक होत्या. केस मागं घट्ट बांधलेले, कपाळ मोकळं. घर स्वच्छ होतं. जिन्यात मुलींच्या चपला ओळीनं. कमलम्मांनी चहा आणून ठेवला, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तो आटा तुम्हीच शिकवला ना?" आटा म्हणजे त्यांच्या कानडीत खेळ. मी मान खाली घातली. देविकानं वर्षाराणीची चौकशी केली. पोरगी बरी होऊन आठवड्यासाठी भोकरला गेली होती, परत येणार होती.

"परत येणार?" देविका म्हणाली.

"क्लास बुडतो म्हणून," वहिनी म्हणाल्या. "गेल्या वर्षी तिला मिळत होतं की कॉलेज. दातांचं. तिला नको होतं."

मग त्या ऑफिसच्या खोलीत गेल्या आणि कॉम्प्युटर चालू केला. जणू आम्ही त्यासाठीच आलो होतो. आणि खरं तर त्यासाठीच आलो होतो. मी शेजारी खुर्ची घेतली. देविका दाराशी बसली.

"वहिनी, ही पाटी बघितलीत का कधी?" मी पात्राच्या माहितीचं पान उघडलं. "इथं बचाव लिहिलेत. वीज पंचाहत्तर, बर्फ पंचाहत्तर, आग एक्कावन्न. पंचाहत्तर ही या गेमची हद्द आहे. त्याच्यावर कितीही घातलं तरी धरत नाही. म्हणजे एक्कावन्नला किती मिळवले की पंचाहत्तर?"

"चोवीस."

"चोवीस. म्हणजे ताईतावर चोवीस आला काय नि तीस आला काय, एकच. वरचे सहा वाया."

त्या पाटीकडं बघत राहिल्या.

"तो भट्टीवाला राक्षस आहे ना शेवटचा, ज्याच्याकडं दयानंद कधी गेलाच नाही. ताईत झाला की जाऊ म्हणायचा. त्याचा आगीचा फटका दहा हजारांचा. तुमचा जीव, हा ताईत गळ्यात घातल्यावर, साडेचार हजार. एक्कावन्न टक्के अडवले तर चार हजार नऊशे आत येतात. एका फटक्यात मेलात. पंचाहत्तर अडवले तर आत येतात अडीच हजार. जगता. तेवढ्यात औषध पिऊन पुन्हा उभं राहता येतं. अहो, वीस जरी आला तरी एकोणतीसशे. तरी जगता."

"वीसवर बी?"

"वीसवर बी. चालतंय का ते आधी बघायचं असतं. ज्या जागेत सगळ्यात जास्त भगदाड आहे ती जागा आधी बुजवायची, साध्या वस्तूनं का होईना. गळ्यात काहीच न घालण्यापेक्षा त्या पन्नासातला कुठलाही ताईत बरा होता. वर्मी घावाचंच बघा. या ताईतावर अडतीस आहे. तीस असता तर? अंगावरच्या सगळ्या वस्तूंचं मिळून पाचशेच्या घरात आहे. त्यात आठचा फरक म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाही. राक्षस एखाद्या श्वासानं उशिरा मरेल. तेवढ्यासाठी तीन तीन महिने घालवायचे?"

देविका दारातून म्हणाली, "आणि तुम्ही घालवले नाहीत का हो?"

"घालवलेत," मी म्हणालो. "सगळेच घालवतात."

वहिनींनी माझ्याकडं न बघता विचारलं, "यांना चोवीसच्या वर कधी आला होता का?"

मी पाटी बंद केली. मग म्हणालो, "सव्वीस आला होता. डिसेंबरात. मी तेव्हा सोबत होतो. मी लिहिलं, घाल गळ्यात, जाऊ भट्टीवाल्याकडं. तो म्हणाला, अजून एकदा बघतो. दाबलं. उजेड आला."

 वहिनी माऊसवर हात ठेवून बसल्या होत्या.

"घर बघायचो आम्ही," त्या म्हणाल्या. "विकत घ्यायला. सहा-सात वर्षं बघून राहिलो होतो. यांना एक पसंत पडायचं न्हाई. ह्याचा कॉलम बारीक, त्याचा पाया बघायला पाहिजे, इथं पाणी मुरतं. माझ्यासाठी करायचे. हिच्या डोक्यावर पुन्हा काही पडू नये म्हणून. मी म्हणायची, पडायचं ते पडतंय, कुठलंबी घ्या. म्हणायचे, थांब, एकदम पक्कं भेटू दे."

देविका उठून त्यांच्याजवळ आली. वहिनींच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, तिला कळेना. शेवटी तिनं खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"ते आयुष्यभर अजून एक बघतो, अजून एक बघतो, असंच करून राहिले असते," वहिनी म्हणाल्या. एवढंच. त्यांचा आवाज तसाच होता, सपाट.

मग म्हणाल्या, "भाऊजी, आता मी किती बार दाबू? मला नेम लावून द्या. माझं मला थांबता येत न्हाई, कारण मला कंटाळाच येत न्हाई."

हे वाक्य मला अजून आठवतं. मी त्यांना माझा नेम सांगितला, जो मी स्वतः फार उशिरा शिकलो होतो. भट्टीशी बसायच्या आधीच दोन गोष्टी ठरवायच्या. कुठल्या आकड्यावर थांबायचं, आणि आकडा नाहीच आला तर किती धूळ घालून उठायचं. दोन्हीपैकी एक झालं की संपलं. बसल्यावर ठरवायचं नाही, कारण कळ दाबताना माणसाला पुढचीच खेप दिसते.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "आणि हाय तेवढी धूळ. नवीन आणायची न्हाई."

पहिली खेप, सोनं. दुसरी, आगीचा चौदा. तिसरी, बर्फ. प्रत्येक खेपेला ढीग आधीपेक्षा मोठ्या घासानं कमी होत होता. देविका पुढं वाकून बघत होती, तिला गेममधलं काही कळत नाही तरी. चौथी खेप, आगीचा एकवीस.

धूळ आणखी एका खेपेपुरती उरली होती. नेमाप्रमाणं त्यांना दाबता येत होतं. 

वहिनींनी ओठ हलवून हिशेब केला. "एक्कावन्न नि एकवीस, बहात्तर. दहा हजाराचे अठ्ठावीसशे." मग माऊस बाजूला सरकवला. "राहू द्या. ऱ्हायलेले तीन कुठं तरी बुटावर भेटतील."

आणि त्यांनी ताईत पात्राच्या गळ्यात घातला. चार वर्षांत ती जागा भरलेली मी पहिल्यांदा बघितली.

"चला भट्टीवाल्याकडं," त्या म्हणाल्या.

माझा कॉम्प्युटर नांदेडला. म्हणून त्या एकट्याच गेल्या. पहिल्या खेपेला त्या मेल्या, आगीनं नाही, पळताना कोपऱ्यात अडकून. दुसऱ्या खेपेला फटका बसला, जीवाची लाल पट्टी निम्म्याच्या खाली आली आणि तिथंच थांबली. मी ओरडलोच, "औषध!" त्यांनी घेतलं. बराच वेळ गेला. शेवटी भट्टीवाला गुडघ्यावर आला आणि पडला. त्याच्यातून एक नारिंगी वस्तू पडली, हातोडा, आमच्या काही कामाचा नाही.

देविकानं टाळ्या वाजवल्या. वहिनींनी हातोड्याचं नाव वाचलं, गुण वाचले आणि न उचलता परत फिरल्या.

"कसं वाटलं?" देविकानं विचारलं.

वहिनींनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. "हात गार पडलेत," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बघा, गार पडलेत." आणि त्यांनी हात देविकाच्या हातात दिला, खरंच गार आहे का ते बघायला. देविका सांगते की होता.

त्याहून जास्त काही झालं नाही. त्या रडल्या नाहीत. आम्ही जेवलो. कमलम्मांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. मुली क्लासची रविवारची चाचणी देऊन आल्या, कुणाला किती मार्क ते एकमेकींना सांगत होत्या, आणि एकजण एक प्रश्न चुकला म्हणून ताटावरून उठून गेली. वहिनी तिच्या मागं गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. पोरगी परत येऊन जेवली.

नंतरची हकीकत साधी आहे. वहिनींनी कॉम्प्युटर ऑफिसातून उचलून वर, मुलींच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत नेला आणि दार उघडं ठेवायला लागल्या. वर्षाराणी परत आली. त्या वर्षी तिला जे कॉलेज मिळालं ते तिनं घेतलं. दातांचंच, नांदेडचं. वहिनींनी तिला काही समजावलं असेल असं मला वाटत नाही. त्या समजावण्यातल्या नाहीत. पण सामान बांधून झाल्यावर त्या तिच्यासोबत नांदेडच्या बसपर्यंत गेल्या आणि बस हलेपर्यंत उभ्या होत्या, हे तिनंच मला सांगितलं, जेव्हा ती नांदेडला आमच्याकडं वहिनींनी दिलेला डबा घेऊन आली.

पुढच्या वर्षी वहिनींनी घर घेतलं, औसा रस्त्याला, एक खोली नि स्वयंपाकघर. एका भिंतीला ओल आहे. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. दयानंदचं पात्र अजून आहे, भट्टीवाल्याच्या दारात उभं, गळ्यात एकवीसचा ताईत घालून. त्याला त्या आता खेळवत नाहीत. नवा हंगाम सुरू झाला की सगळे शून्यापासून सुरू करतात, तसं त्यांनी स्वतःच्या नावानं धनुष्यवाली सुरू केली. रविवारी दुपारी येतात. जमिनीवर पडलेली कुठली नावं दिसावीत आणि कुठली लपवावीत याची सोय गेममध्ये असते. त्यांनी इतकी लपवलीत की त्यांची जमीन जवळजवळ मोकळीच दिसते.

त्यांना काही वाटायला लागलं का, असं देविका मला अधूनमधून विचारते. मला माहीत नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी पुनर्वसनाच्या गावात मेलेल्यांसाठी लोक जमतात. तिथं त्या गेल्या वर्षी पहिल्यांदा गेल्या. "गेले होते," एवढंच सांगितलं. वडील भेटले का विचारलं तर म्हणाल्या, "भेटले. म्हातारे झालेत."

परवा त्यांचा फोन आला. निळे बूट सापडले होते, पळण्याचा वेग वाढवणारे, दुसरं काही नाही त्यांच्यावर.

"घाला वहिनी," मी म्हणालो. "सध्या चालतील."

"घातलेत कधीचे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नुसतं सांगून राहिले."